त्रेचाळीस नावं आणि चार मिनिटं: एका व्याख्यानमालेच्या आभार प्रदर्शनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्या धर्तीवर पुढे गावोगावी अशा माला सुरू झाल्या, त्यातलीच ही एक, दरवर्षी मे महिन्यात तीन दिवस. शाळेच्या मैदानावर मांडव, साडेतीनशे खुर्च्या, संध्याकाळी सातची वेळ, प्रवेश सगळ्यांना मोफत. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाहीये, तपशीलही जरा इकडेतिकडे केलेत, पण जे घडलं ते असंच घडलं.

मी कार्यकारिणीत नाही, पण या गावात बरीच वर्षं सूत्रसंचालन करतोय, त्यामुळे स्टेजवर बोलायचं असलं की कुणी ना कुणी कागद घेऊन येतं. यावेळी आल्या त्या एक ताई, प्राथमिक शाळेत शिक्षिका, कार्यकारिणीत नव्यानेच घेतलेल्या. तिसऱ्या दिवशीचं आभार प्रदर्शन त्यांच्याकडे दिलं होतं. कार्यक्रमाला आठवडा होता आणि सचिवांनी त्यांच्या हातात एक लिस्ट दिली होती, त्रेचाळीस नावांची.

अडचण

आदल्या वर्षीचं आभार प्रदर्शन मी खाली बसून ऐकलेलं. तेरा मिनिटं चाललं. अध्यक्षीय समारोप झाला की लोकांच्या मनाने कार्यक्रम संपलेला असतो, चपला शोधायला सुरुवात होते, बायकांना घरी जाऊन कुकर लावायचा असतो, आणि त्यात "तसेच" सुरू झालं. तसेच यांचे, तसेच त्यांचे, त्याचप्रमाणे यांचेही. पाचव्या "तसेच"ला मागच्या चार रांगा उठल्या, दहाव्याला मंडपवाल्याची पोरं खुर्च्या एकात एक घालायला लागली त्याचा खडखडाट, आणि राष्ट्रगीताला निम्मा मांडव रिकामा. पाहुणे स्टेजवर बसून हे सगळं बघत होते. ज्यांचे आभार मानले जात होते त्यातले बरेचसे तोवर पार्किंगमध्ये पोचले होते.

ताईंनी लिस्ट दाखवली तेव्हा आम्ही वाचनालयाच्या टेबलावर मोबाईलचं स्टॉपवॉच लावून ती मोठ्याने वाचून बघितली. पद, नाव, आडनाव आणि "यांचे मनःपूर्वक आभार" एवढं नीट, न घाई करता म्हणायला साधारण सहा सेकंद लागतात. त्रेचाळीस गुणिले सहा म्हणजे सव्वाचार मिनिटांच्या वर, आणि हे नुसती नावं, कुणी काय केलं याचा एक शब्दही नाही. तो घातला की तेरा मिनिटं होतातच, त्यात मागच्या वर्षीच्या माणसाची चूक नव्हती.

लिस्टमध्ये अजून एक गोष्ट ताईंनाच आधी दिसली, मला नाही. कार्यकारिणीचे अकरा जण पदांसकट होते, तीन मोठे स्पॉन्सर, छोट्या जाहिरातदारांपैकी प्रत्येक जण, पत्रकार, नगरपालिकेचे अधिकारी, सगळे. आणि तळाला एक ओळ: "सर्व स्वयंसेवक". बारा पोरं-पोरी, कॉलेजातली, तीन दिवस खुर्च्या उचलणारी, त्यांचं त्रेचाळीसमध्ये एकही नाव नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच आहे तशी लिस्ट वाचायची. याच्या बाजूने सचिवांचं म्हणणं साधं होतं, की एक नाव राहिलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं आणि ते मलाच. हे खोटं नाही. छोट्या गावात वर्गणी मागायला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात जायचं असतं.

दुसरा, कुणाचंच नाव घ्यायचं नाही, "सर्व देणगीदार, सर्व कार्यकर्ते, ज्ञात-अज्ञात हातांचे आभार" म्हणून दीड मिनिटात मोकळं व्हायचं. ताईंना हा आवडला होता कारण धोका नाही. मी नको म्हटलं. स्पॉन्सरकडून पैसे घेताना स्टेजवरून नाव घेऊ असा शब्द दिलेला होता, तो पाळायलाच हवा. आणि "ज्ञात-अज्ञात" हे वाक्य असं आहे की ते ऐकून कुठल्याच माणसाला आपल्याबद्दल बोलले असं वाटत नाही.

तिसरा, आभार तीन दिवसांत वाटून टाकायचे. स्पॉन्सरची नावं रोज सुरुवातीला सूत्रसंचालनात, छोट्या जाहिरातदारांची आणि बाकीच्यांची बाहेर फलकावर, म्हणजे शेवटच्या भाषणावरचं ओझं उतरतं. हा चांगला होता पण एकट्याने पुरा पडत नव्हता, कारण शेवटी काहीतरी बोलायचं उरतंच.

चौथा, सगळ्यांना एका धाग्यात ओवायचं, म्हणजे काहीतरी घडलेलं सांगायचं आणि त्यात माणसं आपापल्या कामासकट येतील. शेवटी आम्ही तिसरा आणि चौथा एकत्र केला.

मुख्य निर्णय: "यांचे" की "यांनी"

लिस्ट यादीसारखी का वाटते यावर आम्ही बराच वेळ घालवला आणि मला वाटतं या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. नावं जास्त असणं हे निम्मंच कारण. दुसरं कारण वाक्यात आहे. "अमुक यांचे मी आभार मानते" या वाक्यात काम कोण करतंय? बोलणारी बाई. अमुक माणूस नुसता उभा आहे. त्रेचाळीस वाक्यांत क्रियापद एकच, "मानते", आणि करणारी एकच, म्हणून कान तिसऱ्या वाक्यानंतर बंद होतो, पुढे काय येणार ते माहीत असतं.

तेच वाक्य "यांनी" करून बघा. "अमुक यांनी रात्री साडेदहाला फोन उचलला आणि म्हणाले, या." आता माणूस काहीतरी करतोय, क्रियापद प्रत्येक वेळी वेगळं आहे, आणि आभार हा शब्द न उच्चारताही आभार पोचलेत. ताईंना मी एकच अट घातली, की अख्ख्या भाषणात "आभार" शब्द तीनदाच यायचा, आणि "तसेच" एकदाही नाही. अट म्हणून कडक वाटली त्यांना, पण त्यामुळे प्रत्येक माणसाचं खरं क्रियापद शोधावं लागलं. ज्याचं क्रियापद सापडत नव्हतं तो बहुतेक वेळा फलकावर जाण्यासारखा होता.

काय केलं

आधी सचिवांशी बसलो. तिन्ही मोठ्या स्पॉन्सरना सचिवांनी स्वतः फोन करून सांगितलं की नाव रोज सुरुवातीला घेतलं जाईल, बॅनरवर आहेच, आणि शेवटच्या दिवशी पुन्हा येईल पण जाहिरातीच्या ओळीशिवाय. एका शोरूमवाल्यांना त्यांची ती ओळ हवी होती, ती रोजच्या सुरुवातीत घेऊ म्हटल्यावर ते तयार झाले. हा फोन आधी होणं फार गरजेचं होतं, स्टेजवर कळलं असतं तर राग आला असता.

कार्यकारिणीच्या अकरा नावांचं काय, यावर बैठकीत जरा ताण झाला. ताईंनी मांडलं की आपण यजमान आहोत, घरच्या लग्नात घरचेच एकमेकांचे आभार मानत नाहीत. बहुतेकांना पटलं. एका ज्येष्ठ सदस्यांना नाही पटलं, ते गप्प बसले, आणि ते गप्प बसणं आम्ही होकार समजलो.

स्पॉन्सरचा क्रम हा वेगळा पेच. रकमेप्रमाणे लावला की लहान रक्कम देणाऱ्याला स्टेजवरून त्याची जागा दाखवल्यासारखं होतं, वर्णानुक्रमाने लावला की तो यादीच वाटतो. ताईंनी विचारलं, शब्द कुणी कधी दिला? पतसंस्थेने मार्चच्या पहिल्या आठवड्यात, पेठेतल्या सराफांनी गुढीपाडव्याला, ट्रॅक्टर शोरूमने एप्रिलमध्ये. मग क्रम तारखेचा. तो कुणालाच टोचत नाही आणि तो सांगताना आपोआप गोष्ट होते.

पहिला मसुदा झाला. धागा होता निमंत्रण पत्रिकेचा, छपाईला गेली तिथपासून आजपर्यंत. ठीक होता, थोडा सपाट.

आणि मग मालेच्या दुसऱ्या दिवशी पाऊस आला. अवकाळी, वळवाचा, संध्याकाळी सहा वीसला पहिला थेंब. चाळीस मिनिटांत साडेतीनशेपैकी अडीचशे खुर्च्या, पोडियम आणि सगळी साऊंड सिस्टीम शाळेच्या सभागृहात हलवली, व्याख्यान साडेसातला सुरू झालं, लोक उभे राहून ऐकत होते. रात्री दहाला ताईंचा फोन, मसुदा तयार आहे पण आता तो वाचावासा वाटत नाही. इथे दुसरा निर्णय. पाठ झालेला कागद टाकून रात्रीत नवीन लिहायचा की नाही? मी म्हटलं टाका. पत्रिकेच्या छपाईचं कुणी काही पाहिलेलं नाही, पाऊस सगळ्यांनी अंगावर घेतलाय, तो धागा आयता आहे आणि संयोजक, स्पॉन्सर, पोरं सगळी त्यात आहेत. फक्त प्रमुख पाहुणे नव्हते, त्या तिसऱ्या दिवशी येणार होत्या.

पाहुण्यांची कोरी जागा

पाहुण्या भूजलाच्या अभ्यासक होत्या. त्यांच्यासाठी कागदावर चार ओळी कोऱ्या ठेवल्या. "मौलिक मार्गदर्शन केले", "अमूल्य वेळात वेळ काढून" ही वाक्यं भाषण न ऐकताही लिहिता येतात आणि पाहुण्यांना ते बरोबर कळतं, त्यांनी ती शंभरदा ऐकलेली असतात. ताईंनी पेन घेऊन पहिल्या रांगेत कडेला बसायचं, त्यांच्या भाषणातलं एकच वाक्य उतरवायचं, त्यांच्याच शब्दात, आणि त्याला आपल्या गावातली एक गोष्ट जोडायची, एवढंच काम.

वाक्य मिळालं ते असं, "विहीर कुणाच्याही रानात असो, खालचं पाणी सगळ्यांचं असतं." ताई खूष. त्यांना लगेच वाटलं की हेच सगळीकडे वापरता येईल, स्पॉन्सर म्हणजे पाऊस, संयोजक म्हणजे विहीर, स्वयंसेवक म्हणजे खालचे झरे. स्टेजच्या बाजूला उभं राहून दोन मिनिटांत ठरवायचं होतं. मी म्हटलं एकदाच वापरा, पाहुण्यांसाठी. त्यांनी ते पाण्याबद्दल म्हटलंय, गंभीरपणे म्हटलंय, त्याची उपमा करून सगळ्यांना वाटत सुटलो तर त्यांचं वाक्य हलकं होतं.

क्रमाचाही प्रश्न होताच. पाऊस काल, पाहुण्या आज, मग दिवसाच्या क्रमाने गेलं तर पाहुण्या शेवटी येतात, आणि रिवाज सांगतो पाहुणे आधी. आम्ही रिवाज पाळला, कारण त्यांचं वाक्य लोकांच्या कानात ताजं होतं. तिथून कालच्या संध्याकाळीत मागे जायचं आणि शेवट पोरांवर.

स्टेजवर काय बोललं गेलं

सुरुवात अशी झाली: "मॅडम, तुम्ही मघाशी म्हणालात, विहीर कुणाच्याही रानात असो, खालचं पाणी सगळ्यांचं असतं. आमच्या गावात यंदा मार्चलाच टँकर सुरू झाला आणि त्याच महिन्यात सात नवीन बोअर पडल्या. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून बघायला आज तुम्ही आम्हाला शिकवलंत. ते आम्ही विसरणार नाही. तुमचे आभार. आणि असा विषय गावापुढे यायलाच हवा असा आग्रह धरणारे आपले आजचे अध्यक्ष, त्यांचेही आभार."

मग एक क्षण थांबून: "काल संध्याकाळी सहा वीसला पहिला थेंब पडला तेव्हा मैदानात साडेतीनशे खुर्च्या मांडून झाल्या होत्या." एवढं म्हणताच मांडवात हसू आणि कुजबुज, कारण निम्मे लोक कालचे भिजलेले. जे उठायला लागले होते ते बसले. मी मागे उभा होतो, हे डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे साऊंडवाल्यांचं वाक्य होतं, "यांनी स्वतःचा रेनकोट काढून मिक्सरवर टाकला आणि स्वतः भिजले." मुख्याध्यापकांचं होतं, "सरांनी एका फोनवर सभागृह उघडून दिलं." त्याच धाग्यात स्पॉन्सर आले: "पाऊस बघून एका आजोबांनी मला विचारलं, तिकिटाचे पैसे परत मिळणार का? मी म्हटलं आजोबा, तिकीटच नाहीये. गेली तीन संध्याकाळ या दारात कुणाला तिकीट मागावं लागलं नाही, कारण पतसंस्थेने मार्चमध्येच शब्द दिला, सराफांनी पाडव्याला दिला, शोरूमने एप्रिलमध्ये दिला, आणि तिघांनीही पाळला." बोलताना अर्थात तिघांची पूर्ण नावं घेतली. त्यांच्या पैशाने काय झालं हे लोकांना कळलं, किती दिले ते सांगावं लागलं नाही.

शेवट स्वयंसेवकांचा. ताईंना तिथेही गोष्टच हवी होती, मी उलट म्हटलं की इथे नावं वाचा, बाराच्या बारा, नुसती नावं, पद नाही, श्री-कुमारी नाही. यादी नको म्हणून एवढा खटाटोप केला आणि शेवटी यादीच, हे वरवर उलटं वाटेल. पण खुर्च्या कशा हलल्या ते ऐकून झाल्यावर लोकांना त्या कुणी हलवल्या हे ऐकायचंच असतं, तेव्हा नावं जड होत नाहीत. वीस सेकंद लागले. प्रत्येक नावाला कुठून तरी टाळी, कुणाची आई, कुणाचे मित्र. तिथे तिसऱ्यांदा "आभार" आला आणि लगेच राष्ट्रगीत.

काय झालं

चार मिनिटं वीस सेकंद. स्टेजवरून एकूण एकोणीस नावं घेतली गेली, त्यातली बारा मूळ लिस्टमध्ये नव्हतीच, म्हणजे त्रेचाळीसपैकी फक्त सात बोलली गेली. उरलेली छत्तीस दारातल्या फलकावर आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. राष्ट्रगीताला मांडव जवळजवळ भरलेला होता. छोट्या जाहिरातदारांपैकी एकाचाही तक्रारीचा फोन आला नाही, सचिवांना याचंच सगळ्यात आश्चर्य वाटलं.

दोन गोष्टी मात्र चुकल्या. ते ज्येष्ठ सदस्य खरंच दुखावले होते, पुढच्या बैठकीला आलेच नाहीत. वीस वर्षं त्यांनी या मालेसाठी दारोदार वर्गणी फिरवली होती आणि त्यांच्या लेखी वर्षातून एकदा नाव घेतलं जाणं हाच काय तो मोबदला होता. बैठकीतला त्यांचा गप्पपणा ओळखायला हवा होता, त्यांच्या घरी आधीच जायला हवं होतं.

दुसरी चूक जास्त लागली. कार्यक्रम संपल्यावर एक स्वयंसेवक मुलगी ताईंना म्हणाली, मॅडम, सभागृह सरांनी नाही उघडलं, सर परगावी होते. सरांनी फोनवर हो म्हटलं ते खरं, पण किल्ली घेऊन भर पावसात सायकलवरून आले ते शाळेचे शिपाई काका, आणि रात्री साडेदहाला सगळे गेल्यावर ओली फरशी पुसून कुलूप लावलं तेही त्यांनीच. लिस्टमध्ये ते नव्हते, फलकावर नव्हते. "यांनी" लावून आम्ही वाक्यात कर्ता आणला आणि कर्ताच चुकीचा आणला. नाव राहणं वेगळं, त्याच्या कामावर दुसऱ्याचं नाव लागणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी ताई शाळेत गेल्या, काकांना भेटल्या, ग्रुपवरच्या मजकुरात दुरुस्ती केली. मुख्याध्यापकांनी स्वतःच शाळेच्या परिपाठात मुलांसमोर ते सांगितलं. काका एवढंच म्हणाले, "किल्ली माझ्याकडेच असते ना ताई, दुसरं कोण येणार?"

आता केलं तर वेगळं काय

सुरुवातच वेगळी करू. आम्ही सचिवांकडून नावांची लिस्ट घेतली आणि तिला कामं चिकटवत बसलो. उलट करायला हवं होतं, आधी कामांचा कागद, रोज रात्री आवरताना स्वयंसेवकांना विचारून भरलेला: आज काय अडलं, कुणामुळे सुटलं, आणि ते हाताने कुणी केलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण "व्यवस्था केली" म्हणणारा आणि व्यवस्था करणारा बऱ्याचदा वेगळे असतात, आणि हे पदाधिकाऱ्यांना विचारून कळत नाही, खुर्च्या उचलणाऱ्यांना कळतं. लिहिलेलं भाषण स्टेजवर जायच्या आधी त्यांच्यातल्याच एकाला वाचून दाखवायचं, पाच मिनिटांचं काम आहे, त्या मुलीने तिथेच थांबवलं असतं.

ही पद्धत सगळीकडे चालेल असंही नाही. सरकारी कार्यक्रमात राजशिष्टाचाराने नावांचा क्रम ठरलेला असतो, तिथे धागा वगैरे काढायची मुभा नसते. आणि आम्हाला पाऊस मिळाला. तो नसता आला तर पत्रिकेचा सपाट धागाच वापरावा लागला असता, आणि मागच्या रांगा बसल्या असत्या की नाही ते सांगता येत नाही.

यंदाच्या मालेची पहिली बैठक मागच्या महिन्यात झाली. तो तीन रकान्यांचा कागद ताईंनी आत्ताच छापून आणलाय. ज्येष्ठ सदस्यांना यावेळी प्रास्ताविक दिलंय, ते करणार आहेत. शिपाई काकांना निमंत्रण पत्रिका घरी नेऊन द्यायची असं ठरलंय, आणि ती द्यायला ती स्वयंसेवक मुलगी जाणार आहे.